दीड सेकंदामागचं गवत

आर्डिस कोत्रबानं एकतीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडल्या. नेब्रास्काच्या वाळूटेकड्यांत माणसांपेक्षा गुरं जास्त आणि गुरांपेक्षा वारा जास्त. तिथल्या सहकारी टेलिफोन कंपनीत ती चोवीसाव्या वर्षी लागली तेव्हा मुकादम म्हणाला होता, "महिनाभर टिकलीस तर बूट कंपनीच्या खर्चानं." ती टिकली. खांबावर चढली, खड्ड्यात उतरली. पुढे तांब्याच्या तारा जाऊन काचेचे तंतू आले, तेव्हा केसाएवढ्या दोन तंतूंची टोकं जुळवून वितळवायचं कामही तिनंच सगळ्यांत आधी शिकून घेतलं. लग्न केलं नाही. शेजारचा डॉयल अमुंडसन चारचौघांत म्हणायचा, "तिचं लग्न लागलंय, खांबाशी. नवरा सरळ आहे, उलट बोलत नाही."

या डॉयलशी तिची ओळख झाली ती एका भांडणातून. त्याचा भाऊ अलास्कात होता आणि तेव्हा तिकडचे फोन उपग्रहावरून जायचे. डॉयलनं कंपनीत तक्रार केली, की लाइन खराब आहे, भाऊ सारखा मधेच बोलतो. आर्डिस गेली, लाइन तपासली, आवाज घंटेसारखा स्वच्छ होता. मग तिनं फोनला कान लावून दोघांचं बोलणं ऐकलं. डॉयल वाक्य संपवून थांबायचा. त्याचा आवाज वर उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. तेवढ्यात डॉयलला वाटायचं हा गप्प का, म्हणून तो पुढचं बोलायला लागायचा आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळायचे. सख्खे भाऊ या अर्ध्या सेकंदापायी चार महिने अबोला धरून बसले होते. तिनं त्यांना वाक्य संपलं की "आता तू" म्हणायला शिकवलं आणि निघून आली. माणूस खरखर सहन करतो, उशीर सहन करत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

ही गोष्ट त्यानंतर पुष्कळ वर्षांनी घडली. आर्डिस निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. डॉयल अठ्ठ्याहत्तरचा होता आणि लिंकन शहरातल्या एका शुश्रूषागृहात खुर्चीला खिळला होता. दोन वर्षांपूर्वी, शरद ऋतूत, विहिरीवरच्या पवनचक्कीला वंगण घालायला तो वर चढला आणि पाय निसटून पडला. मान मोडली. जीव वाचला. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तेवढी त्याच्या हुकमात उरली. बायको आधीच गेली होती. जमीन पुतण्यानं चराईला घेतली.

फेब्रुवारीत आर्डिस त्याला भेटायला गेली. पाच तास गाडी चालवून, खसखस भरलेल्या कोलाची नावाच्या गोड पावांचा डबा घेऊन. मदतनीस रोसाउरा त्याला तुकडे भरवत होती. चाळिशीची, मूळची ग्वाटेमालाची, बोलायला गोड आणि हाताला खंबीर.

"पुढच्या महिन्यात कोंबडे येतील," डॉयल भिंतीकडे बघत म्हणाला.

कोणते कोंबडे ते आर्डिसला सांगायला नको होतं. डॉयलच्या कुरणात टेकड्यांमध्ये एक बशीसारखा खोलगट भाग आहे. मार्चपासून मेपर्यंत दररोज पहाटे माळावरचे रानकोंबडे तिथे जमतात आणि माद्यांसाठी नाचतात. मानेवरची पिसं शिंगांसारखी उभी करतात, गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवतात, पाय आपटतात आणि घुमतात. तो आवाज दोन मैलांवरून ऐकू येतो. डॉयलचा बाप त्या जागेला आखाडा म्हणायचा. आधी बापाबरोबर आणि पुढे एकट्यानं, डॉयल त्रेचाळीस वर्षं दर वसंतात कडेच्या लाकडी खोक्यात बसून ते बघत आला होता.

"चित्रफीत आणून दाखवू?" आर्डिसनं विचारलं.

"चित्रफीत टीव्हीवरही असते," डॉयल म्हणाला. "मला तिथं असायचंय. तू तारवाली ना? मग ओढ की एक तार, इथपासून तिथपर्यंत."

रोसाउरा हसली. डॉयलही हसला. आर्डिस हसली नाही. परतताना पाच तास ती रेडिओ न लावता गाडी चालवत राहिली.

तिनं गाडी बनवली. बागकामाच्या छोट्या हातगाडीचा सांगाडा, चार जाड मऊ चाकं, दोन मोटारी, एक बॅटरी, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. पुढे जमिनीपासून वीतभर उंचीवर कॅमेरा आणि माइक. वरून गोणपाट शिवलं आणि त्यात वाळलं गवत खोचलं. लांबून बघितलं तर गवताचा पुंजका. लिंकनला डॉयलच्या खुर्चीच्या हातावर तिनं एक छोटी जॉयस्टिक बसवली. तिला बोरुएवढी दांडी लावली, म्हणजे अंगठ्याला जोर पडायला नको. मधली तार म्हणून मोबाइलचं इंटरनेट.

सगळ्यांत आधी तिनं एका गोष्टीची काळजी घेतली. जॉयस्टिककडून गाडीला सेकंदाला वीस निरोप जायचे, प्रत्येकावर अनुक्रमांक. मागून रेंगाळत आलेला जुना निरोप गाडी फेकून द्यायची. आणि अर्धा सेकंद एकही निरोप आला नाही, तर चाकं आपोआप थांबायची. "लगाम सुटला की घोडं उभं राहिलं पाहिजे," ती फोनवर डॉयलला म्हणाली.

"तसलं घोडं मला आयुष्यात भेटलं नाही," तो म्हणाला.

मार्चच्या शेवटी तिनं गाडी आखाड्याच्या कडेला नेऊन ठेवली आणि बारा दिवस ती जागची हलवली नाही. रोज दुपारी, पक्षी नसताना, फक्त बॅटरी बदलून यायची. पक्ष्यांना ती सवयीची होऊ दे. तेराव्या पहाटे ती आपली पिकअप चारशे पावलं मागे, पवनचक्कीपाशी लावून बसली. कानात फोन, डोळ्यांना दुर्बीण. लिंकनला रोसाउरानं डॉयलला उठवून पडद्यासमोर बसवलं होतं.

"दिसताहेत," डॉयलचा आवाज आला. तो एकदम हळू बोलायला लागला होता, जणू पक्ष्यांना ऐकू जाईल. "आर्डिस, मी त्यांच्याच उंचीवर आहे. इतकी वर्षं वरूनच बघत होतो."

"सावकाश पुढे ये."

गाडी हलली. गाडी सरळ जात नव्हती. डावीकडे वळली, मग जास्तच डावीकडे, मग एकदम उजवीकडे, पुन्हा डावीकडे, गुत्त्यातून सुटलेल्या माणसासारखी. दोन कोंबडे तोंडाला तोंड लावून भांडत होते, गाडी त्यांच्याच रोखानं चालली होती.

"थांब, डॉयल."

"थांबलोय. अंगठा उचललाय केव्हाच."

पण त्यानं अंगठा उचलेपर्यंत ती अर्धा हात पुढे घुसली होती. एक पक्षी उडाला, त्याच्यामागे तिसेक पक्षी एकदम फडफडले आणि आखाडा रिकामा झाला. नुसतं गवत आणि वारा.

मग डॉयल म्हणाला, "बारा दिवस ते तिला गवत समजत होते. मी अर्ध्या मिनिटात तिचा लांडगा केला."

"चूक तुझी नाही."

"अंगठा माझाच होता ना?"

"अंगठा तुझा होता, पण चित्र शिळं होतं," आर्डिस म्हणाली. "तू थांबवलीस तेव्हा गाडी लगेच थांबली, मी इथून बघितलं. पण तुला दिसत होतं ते दीड सेकंदामागचं गवत. तू वळवायचास, काही घडलेलं दिसायचं नाही, म्हणून आणखी वळवायचास. मग दोन्ही वळणं एकदम दिसायची. अलास्काचा फोन आठव."

मग तो म्हणाला, "म्हणजे मी पुन्हा मधेच बोललो तर."

त्या दिवशी दुपारी आर्डिसनं गाडी उचलून घरी आणली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि उशीर शोधायला बसली. घरचं इंटरनेट जमिनीखालच्या काचेच्या तंतूवरचं, गाडीचं मोबाइलवरचं. तिनं गाडीच्या कॅमेऱ्यासमोर सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारं घड्याळ ठेवलं. शेजारी लॅपटॉपवर गाडीनं पाठवलेलं चित्र. मग दोन्ही एकाच फोटोत टिपली. घड्याळात बारा सेकंद चौसष्ट, लॅपटॉपच्या पडद्यावरच्या घड्याळात अकरा सेकंद बावीस. वजाबाकी म्हणजे उशीर. साधा हिशेब होता, पण त्या फोटोकडे बघताना तिला कसंसंच झालं. एकाच टेबलावर एकाच वस्तूचा आत्ता आणि मघा शेजारी शेजारी बसले होते.

पहिला दोष तिला लगेच सापडला. गाडी चित्र फार मोठं पाठवत होती. तिच्या ठिकाणाहून मोबाइलवर वर जाणारी वाट अरुंद, आणि गाडीनं तिच्यात गुरांचा अख्खा कळप लोटला होता. वाटेच्या तोंडाशी, मोडेमच्या पोटात, चित्रं रांग लावून उभी राहायची. रांगेतलं चित्र फुकट जात नाही, ते शिळं होऊन पोचतं. तिनं चित्र लहान केलं, पूर्वीच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढं जड. थोडं धुरकट झालं. चालेल. दर दोन सेकंदांनी एक भलंमोठं पूर्ण चित्र पाठवायची पद्धत होती, तीही तिनं बदलली. प्रत्येक चित्रात थोडा थोडा भाग ताजा करायचा, म्हणजे कुठलंच एक चित्र अवजड होत नाही.

दुसरा दोष स्वभावाचा होता. वाटेत चित्राचा एखादा तुकडा हरवला, की यंत्र तो पुन्हा मागवायचं आणि तोवर मागची सगळी चित्रं अडवून धरायचं. पत्र पोचवायचं असेल तर हे ठीक. पण धावत्या गोष्टीत गेलेला क्षण परत मागवून करायचं काय? तिनं ती वाटच सोडून दुसरी धरली. हरवलं ते हरवलं, पुढचं बघा. लॅपटॉपनंही चित्रं साठवून सावकाश दाखवायची नाहीत, आलं की दाखवायचं. पडद्यावर अधूनमधून ठिपके उडायला लागले.

"खरखर," ती स्वतःशीच म्हणाली.

पुन्हा फोटो, पुन्हा वजाबाकी. उशीर सेकंदाचा सातवा भाग राहिला होता.

मात्र लिंकनला चित्र अजूनही सेकंदभर मागेच होतं. रोसाउरानं फोनवर सांगितलं, तेव्हा आर्डिसनं तिला एक काम दिलं. गाडीच्या कॅमेऱ्यासमोर तिनं छोटा दिवा बसवला. डॉयलनं जॉयस्टिकचं बटण दाबलं की तो पेटायचा आणि त्याचा उजेड चित्रातून लिंकनला परत दिसायचा.

"तुझ्या फोनवर संथ चित्रीकरण लाव," आर्डिस म्हणाली. "चौकटीत त्याचा अंगठाही दिसू दे आणि पडदाही. अंगठा दबल्यापासून दिवा दिसेपर्यंत किती चित्रं होतात ते मोज. सेकंदाला दोनशे चाळीस असतात."

थोड्या वेळानं रोसाउराचा फोन आला. "दोनशे अठ्ठ्याऐंशी. मी दोनदा मोजली, मिस आर्डिस. आणि मिस्टर डॉयल म्हणताहेत की त्यांच्या अंगठ्याचा इतका बारकाईनं अभ्यास आजवर कुणी केला नव्हता."

म्हणजे जाऊन येऊन एक सेकंद आणि वर पाचवा भाग. टेबलावर सगळं ठीक, तिकडे नाही, तेव्हा गाठ तिकडेच असणार. आर्डिसनं चौकशी केली. शुश्रूषागृहाचं पाहुण्यांसाठीचं वायफाय या नव्या वाटेनं येणारं काही आतच घेत नव्हतं. त्यामुळे दोन्ही टोकांची थेट गाठ पडत नव्हती. सगळं दूर व्हर्जिनियातल्या एका मध्यस्थ संगणकावर जाऊन, तिथून पुन्हा जुन्या, अडवून धरणाऱ्या वाटेनं लिंकनला यायचं. साडेचारशे किलोमीटरच्या कामासाठी अर्ध्या देशाला वळसा.

संगणकांची व्यवस्था बघणारा माणूस आधी नाही म्हणाला. रुग्णांच्या नोंदी त्याच जाळ्यात आहेत, नियम आहेत. रोसाउरा त्याला डॉयलच्या खोलीत घेऊन गेली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं रुग्णांच्या जाळ्यापासून संपूर्ण वेगळी अशी एक केबल डॉयलच्या खोलीत ओढली आणि गाडीसाठी लागणारी तेवढी एकच वाट मोकळी केली. मोबाइल कंपनी बाहेरून कुणाला गाडीचं दार ठोठावू देत नाही, म्हणून गाडीच आतून बाहेर हाक घालायची आणि लॅपटॉप तिकडून. दोन्ही हाका जुळल्या की मध्यस्थ बाजूला.

रोसाउरानं पुन्हा मोजलं. "एकोणपन्नास."

आर्डिसनं भागाकार केला. सेकंदाच्या पाचव्या भागाहून किंचित जास्त. जाऊन येऊन, अंगठ्यापासून दिव्यापर्यंत आणि दिव्यापासून डोळ्यापर्यंत. ती खुर्चीत मागे टेकली. डॉयलचा अलास्कातला अर्धा सेकंद तिच्या मनात तीस वर्षं घर करून होता. आज तो तिनं निम्म्याहून कमी केला होता.

राहता राहिली ती बशी. टेबलावर सिग्नल भरपूर, पण आखाडा चहूबाजूंनी टेकड्यांत दबलेला. गावाजवळचा मोबाइलचा मनोरा तिथून दिसत नव्हता आणि गाडीचा मोडेम तळाशी धापा टाकायचा. मोडेम उंच जायला हवा होता. उंच म्हणजे पवनचक्की. दुसरं काही तिथं नव्हतंच.

डॉयलला सांगितल्याशिवाय ते करणं तिला बरं वाटेना. तिनं फोन केला.

"नको," तो म्हणाला.

"दोरी बांधून चढेन. एकतीस वर्षं चढलेय."

"मी पन्नास वर्षं चढलो होतो."

"तू दोरी बांधत नव्हतास."

पलीकडे कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. शेवटी डॉयल म्हणाला, "वरून तिसरी पायरी. उजवीकडून सैल आहे. पंख्याला आधी ब्रेक लाव, दांडा खाली ओढून बांध. आणि वर पोचलीस की मला सांग. उतरलीस की पुन्हा सांग."

ती बासष्ट वर्षांची बाई वारा पडल्यावर, संध्याकाळच्या उजेडात चढली. तिसऱ्या पायरीला तिनं हातही लावला नाही. वर गावाच्या दिशेनं तोंड करून तिनं मोडेमचा अँटेना आवळला. खाली बशीच्या रोखानं एक छोटं वायफाय यंत्र बसवलं. मोबाइलची वाट चक्कीच्या माथ्यापर्यंत, तिथून गाडीपर्यंत चारशे पावलं हवेतून. मग ती क्षणभर तशीच उभी राहिली. कुरण टेकड्याटेकड्यांनी क्षितिजापर्यंत गेलं होतं. मनोऱ्याचा लाल दिवा अठरा किलोमीटरवर नुकताच लागला होता. त्या मनोऱ्यापासून हमरस्त्याच्या कडेनं जमिनीखालून जाणारा काचेचा तंतू तिनं स्वतः जोडला होता, एका कडाक्याच्या नोव्हेंबरात, तंबूत बसून, बोटं फुंकत. एकशे चौदा जोड. त्यातला एकही आजवर उकरावा लागला नव्हता.

"पोचले," ती फोनवर म्हणाली.

"काय दिसतंय?" डॉयलनं विचारलं.

तिनं सांगितलं. तो मधे एकदाही बोलला नाही.

गाडी पुन्हा सहा दिवस आखाड्याच्या कडेला ठेवली. कोंबडे दुसऱ्याच दिवशी परतले होते. त्यांना नाचाची घाई, राग धरायला सवड कुठली. सातव्या पहाटे थंडी होती आणि गवतावर हिव पडलं होतं. उजाडायच्या आधीच घुमणं सुरू झालं, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसं, पण तीस बाटल्या एकदम. आर्डिस पिकअपमधून उतरून चक्कीच्या पायाशी उभी राहिली. दोरानं बांधलेला पंखा स्तब्ध होता.

"तयार?"

"अंगठा गरम करून ठेवलाय रोसाउरानं," डॉयल म्हणाला.

गवताचा पुंजका हलला. सरळ. हातभर गेला आणि थांबला. पुन्हा हातभर. एका खड्ड्याला अलगद वळसा घालून पुढे आला. आर्डिसनं दुर्बीण डोळ्यांना लावली होती, कोपर चक्कीच्या लोखंडाला टेकवलं होतं. ही तिनं बनवलेली गाडी. तिचा प्रत्येक स्क्रू तिला ठाऊक. पण आता जे चाललं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. तो पुंजका जनावरासारखा चालत होता. बिचकत, अंदाज घेत, कुणाच्या वाटेत न येता. डॉयल कुरणात असाच चालायचा, नवजात वासराकडे जाताना.

"एक माझ्याकडे येतोय," डॉयल कुजबुजला. "आर्डिस, तो मलाच आव्हान देतोय."

कोंबडा कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला, पिसांची शिंगं वर, गळा नारिंगी फुगलेला. त्यानं पाय आपटले. फोनमधून तो थरथराट आर्डिसला ऐकू आला, ढोलकीवर बोटं फिरावीत तसा. आणि त्याच आवाजाचा दुसरा, खरा, हवेतून चारशे पावलं ओलांडून आलेला थरथराट दुसऱ्या कानात, अर्ध्या सेकंदामागून. लिंकनला जाऊन आलेला आवाज आधी पोचला होता.

डॉयलनं गाडी तसूभर मागे घेतली. कोंबडा तसूभर पुढे आला. डॉयल थांबला. कोंबडा थांबला. दोघांनी एकमेकांना बराच वेळ जोखलं. मग कोंबड्यानं पाठ फिरवली आणि शेजाऱ्याशी भांडायला गेला. त्याच्या लेखी हा कुणीतरी होता, पण भांडण्यासारखा नव्हता.

"हरलो मी," डॉयल म्हणाला. त्याच्या आवाजात असा आनंद तिनं पूर्वी कधी ऐकला नव्हता.

तो आखाड्याच्या मध्यापर्यंत गेला. आता चारी बाजूंनी पक्षी. पलीकडे रोसाउरा तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती, प्रार्थनेसारखं. शेजारच्या खोल्यांतले लोकही आले असावेत, चाकांच्या खुर्च्यांचे आवाज येत होते, पण कुणी बोलत नव्हतं.

आणि एकाएकी सगळं थांबलं. घुमणं तुटलं. तीसच्या तीस पक्षी जमिनीला चिकटले, पिसं मिटून, मातीचे गोळे झाले. गाडीही त्यांच्याबरोबर थांबली. नंतर नाही, त्यांच्याबरोबर. आर्डिसला काय झालं ते कळेना. तिनं दुर्बीण खाली घेतली, तेव्हा दिसलं. टेकडीच्या कडेवरून एक ससाणा पंख तिरके धरून, गवताला लागून तरंगत येत होता. तिला दिसायच्या आधी तो पक्ष्यांना दिसला होता आणि पक्षी दबलेले पाहताच डॉयलचा अंगठा उचलला गेला होता. साडेचारशे किलोमीटरवर, खुर्चीत बांधलेला म्हातारा त्यांच्याबरोबर दबून बसला होता. फोनमध्ये त्याचा श्वासही येत नव्हता.

ससाण्याची सावली बशीवरून सरकली, गवताच्या पुंजक्यावरूनही गेली, आणि टेकडीपलीकडे उतरली.

कोणी हललं नाही. मग एका कोंबड्यानं मान वर केली. एक घुमला. दुसरा घुमला. आखाडा पुन्हा उभा राहिला, आणि गाडी मधोमध, जशी काही रोजचीच.

आर्डिसच्या लक्षात आलं की तिनं टोपी काढून हातात धरली आहे. एवढ्या थंडीत, कधी काढली कुणास ठाऊक. तो अंगठा उचलला गेला तेव्हा काय काय घडलं असेल ते तिला पायरीपायरीनं माहीत होतं. खोलीतली केबल, शहराखालची काच, हमरस्त्याकडेचे तिचे एकशे चौदा जोड, मनोरा, हवा, तिच्या डोक्यावरचा अँटेना, पुन्हा हवा. सगळ्याची नावं तिला येत होती. तरीही दबलेल्या पक्ष्यांमध्ये एक माणूस दबला होता, हे कोणत्या नावानं सांगायचं ते तिला सुचेना.

ऊन आल्यावर माद्या आल्या, पाच. चार जणी गाडीकडे ढुंकूनही न बघता पुढे गेल्या. पाचवी मात्र वारा चुकवायला गाडीच्या आडोशाला आली आणि तिथेच उभी राहिली. कॅमेऱ्यात फक्त तिच्या छातीची पिसं दिसत होती, तपकिरी आणि पांढऱ्या पट्ट्यांची, श्वासाबरोबर हलणारी. वीस मिनिटं डॉयलनं अंगठा उचलून धरला.

"दुखत नाहीय का?" आर्डिसनं हळूच विचारलं.

"गप्प बस," तो म्हणाला.

सूर्य वर चढला तसे पक्षी एकेक करून निघून गेले. आर्डिस गाडी आणायला निघाली.

"राहू दे," डॉयल म्हणाला. "मी येतो."

चारशे पावलांना त्याला पाऊण तास लागला. मधे तो दोनदा थांबला. एकदा एका रानफुलापाशी, आणि एकदा पवनचक्की दिसली तेव्हा. तिच्याकडे कॅमेरा करून तो बराच वेळ उभा होता. आर्डिसनं घाई केली नाही. गवताचा तो पुंजका चढ चढत, वाळूत चाकं रुतली की मागे येऊन दुसरी वाट शोधत वर येत राहिला, आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुझा डावा बूट उसवलाय," फोनमधून डॉयल म्हणाला.

तिनं खाली बघितलं. खरंच उसवला होता.

त्या वसंतात तो एकवीस सकाळी आखाड्यात गेला. दोनदा सिग्नल तुटला आणि दोन्ही वेळा गाडी जागच्या जागी उभी राहिली. एकदा पावसानं कॅमेरा आंधळा केला. बाकीच्या सकाळी तो तिथे होता. रोसाउरानं आपली पाळी बदलून पहाटेची घेतली. मेच्या अखेरीस नाच संपला आणि आर्डिसनं गाडी घरी आणून धुतली, तेव्हा डॉयलचा फोन आला. त्याच्या दक्षिणेच्या तळ्यावर जूनमध्ये कासवं अंडी घालायला वर येतात, ती त्यानं जवळून कधी पाहिली नव्हती.

"तिथं चक्की नाही," आर्डिस म्हणाली.

"खांब पुरू शकतेस की," तो म्हणाला. "नवरा सरळ बघून घे."

तिनं कागद ओढला आणि तळ्यापासून मनोऱ्यापर्यंतची रेघ काढायला घेतली.